एकाच शब्दात उत्तर देणारा मुलगा

"डॉक्टरसाहेब, पोरगं दिवसभर खोलीतच असतं. काही विचारलं की 'हो', 'नाही', नाहीतर 'माहीत नाही'. चौथा शब्द नाही." हे वाक्य थोड्याफार फरकाने मी दर आठवड्याला ऐकतो. सांगणारे बहुधा आईवडील असतात आणि ज्याच्याबद्दल सांगायचे तो पंधरा ते अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरीच राहिलेली असते. निकालानंतरच्या दिवसांत आणि दिवाळीच्या सुटीनंतर अशा पालकांची संख्या वाढते. आपल्या नांदेड-लातूर भागाला त्याचे एक खास कारण आहे. लातूर पॅटर्नचे नाव झाल्यापासून खेड्यापाड्यांतली हजारो मुले अकरावी-बारावीसाठी या दोन शहरांत खोली करून राहतात. वर्ष-दोन वर्षे ती घरापासून दूर असतात आणि परत येतात तेव्हा घरच्यांना वाटते की हा आपला मुलगाच नव्हे.

अशा मुलापर्यंत पोचायचे कसे, हा आजचा विषय आहे. मुलाचे एका शब्दाचे उत्तर हे पुष्कळदा आपल्या प्रश्नाच्या मापाचे असते, हे आधी ध्यानात घ्यावे. "जेवलास का?" या प्रश्नाला "हो" याहून मोठे उत्तर नसते. "अभ्यास झाला का?" हा तर प्रश्नच नव्हे, ती हजेरी आहे. म्हणून मुलाला बोलते करण्याची सुरुवात आपल्या विचारण्यापासून होते. परंतु त्याही आधी एक गोष्ट तपासली पाहिजे. हे गप्प राहणे वयाचे आहे की आजाराचे?

वयाचे मौन आणि आजाराचे मौन

या वयात मुले घरच्यांपासून थोडी दूर सरकतात. त्यांना स्वतःची खोली हवी असते, दार लावलेले आवडते. झोपेचे घड्याळही पुढे सरकते. किशोरवयात झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे अकरा-बारापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. त्यांना झोप मात्र आठ ते दहा तास लागते. पहाटे पाचला उठणाऱ्या शेतकरी बापाला हा आळस वाटतो. तो आळस नाही.

मग काळजी कधी करावी? मी पालकांना तीन गोष्टी विचारतो. पहिली, मुलगा फक्त तुमच्याशी गप्प आहे की मित्रांशीही? मित्राचा फोन आला की हसून बोलणारा मुलगा बहुधा आजारी नसतो, तो तुमच्यावर रुसलेला किंवा तुमच्या प्रश्नांना कंटाळलेला असतो. मित्रांचे फोनही न घेणारा मुलगा मला काळजीचा वाटतो. दुसरी, त्याला पूर्वी जे आवडत होते ते सुटले आहे का? क्रिकेट, गाणी, सिनेमा, एखादा पदार्थ. मोबाईल हातात असतो एवढ्यावरून समाधान मानू नये. पुष्कळ उदास मुले मोबाईल पाहत नसतात, नुसता सरकवत असतात. तिसरी, शरीर काय सांगते? झोप, भूक, वजन, अंघोळ, अंगदुखी, डोकेदुखी यांत बदल आहे का?

या तिन्हींत बदल असेल आणि तो रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला असेल, तर ते औदासीन्य म्हणजे डिप्रेशन असण्याची शक्यता मोठी असते. मोठ्या माणसाचे औदासीन्य रडण्यातून दिसते, मुलांचे पुष्कळदा चिडण्यातून दिसते. त्यामुळे "आमचं पोरगं दुःखी नाही साहेब, चिडकं झालंय" असे म्हणून पालक निश्चिंत होतात. तसे होऊ नये.

याखेरीज काही लक्षणे अशी आहेत की ती दिसली तर घरचे प्रयोग करत बसू नये. मुलगा एकटाच बोलतो किंवा कारण नसताना हसतो, जेवणात काहीतरी घातले आहे असा संशय घेतो, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणतो, हातावर ब्लेडचे व्रण दिसतात, मरणाबद्दल बोलतो किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकतो. अशा वेळी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

एका घरातली गोष्ट

पुढची हकीकत एका मुलाची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला सतरा वर्षांचा मुलगा. वडिलांची चार एकर जमीन, सोयाबीन आणि थोडा हरभरा. दहावीला गावात पहिला आला म्हणून त्याला लातूरला ठेवले. बारावी झाली, नीट परीक्षेत ७२० पैकी गुण फार कमी पडले, म्हणून पुन्हा एक वर्ष रिपीटर म्हणून तिथेच. फी आणि खोलीभाड्यासाठी सोसायटीचे कर्ज होतेच, वर सोयऱ्यांकडून उसने घेतले. दिवाळीला मुलगा गावी आला आणि परत गेलाच नाही. आतल्या खोलीत दार लावून बसला. तीन आठवड्यांनी त्याचा मामा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मुलगा आला नव्हता.

मी वडिलांना विचारले, लातूरला असताना तुमचे बोलणे कसे व्हायचे? ते म्हणाले, "रोज रात्री नऊला फोन लावायचो की. एक दिवस खाडा नाही." त्या फोनवर काय बोलत होतात ते जसेच्या तसे सांगा, म्हटल्यावर त्यांनी सांगितले:

"जेवलास का?" "हो."
"क्लासला गेलतास का?" "हो."
"टेस्टला किती पडले?" "ठीक."
"पैशे हाईत का?" "आहेत."

चार प्रश्न, चार शब्द. वर्षभर हेच. वडिलांच्या मायेत काही कमी नव्हते. ऊन, पाऊस, लाईट नसणे, काहीही असो, तो माणूस बांधावर उभा राहून फोन लावत होता. पण त्या फोनमध्ये मुलाला बोलायला जागाच नव्हती.

मी त्यांना त्या दिवशी दोन गोष्टी करायला सांगितल्या. घरातली फवारणीची आणि तणनाशकाची औषधे त्याच संध्याकाळी कुलपात घालायची किंवा घराबाहेर, मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवायची, आजीच्या बीपीच्या गोळ्यांसकट. मुलगा मरणाचे काही बोलला नव्हता, तरीही. आपल्याकडे घरात विष सहज हाताला लागते आणि या वयातली अघटित पावले पुष्कळदा काही मिनिटांच्या लहरीत उचलली जातात. त्या मिनिटांत हाताला काही लागले नाही तर जीव वाचतो. खोलीची आतली कडीही काढायला सांगितली, पण मुलाला सांगून, आणि दार वाजवल्याशिवाय आत जायचे नाही असा शब्द देऊन.

दुसरी गोष्ट म्हणजे आठ दिवसांची वही. मुलगा कधी झोपतो, कधी उठतो, काय जेवतो, अंघोळ करतो का, कोणाचा फोन घेतो, एवढेच रोज दोन ओळींत लिहायचे. हे काम त्याच्या नववीतल्या बहिणीने केले. वहीतून असे दिसले की तो पहाटे चारला झोपतो, दुपारी एकला उठतो, एक वेळ जेवतो, तीन दिवसांत एकदा अंघोळ करतो आणि मित्राचे फोन कापतो. म्हणजे हे नुसते वयाचे मौन नव्हते. वहीचा आणखी एक उपयोग झाला. मुलगा रात्री बारा ते दोन या वेळात जागा असतो आणि त्या वेळी दोनदा पाणी प्यायला बाहेर येतो, हे घरच्यांना पहिल्यांदाच कळले. त्याला गाठायची वेळ सकाळची नव्हतीच.

प्रश्न थांबवा, काम शेजारी करा

आठ दिवसांनी वडील परत आले तेव्हा त्यांना सांगितले की पुढचे दोन आठवडे मुलाला एकही प्रश्न विचारायचा नाही. "काय करायलास?" नाही, "झोपायलास का अजून?" नाही, "काय होतंय तुला?" हे तर मुळीच नाही. उदास माणसाला "काय होतंय" याचे उत्तर खरोखरच देता येत नाही. "माहीत नाही" हे त्याचे उत्तर उद्धटपणाचे नसते, प्रामाणिक असते.

प्रश्नाऐवजी साधे विधान करायचे. "आज ढग आलेत." "म्हशीनं आज दूध कमी दिलं." आणि मग थांबायचे. मनात दहापर्यंत अंक मोजायचे. आपण मोठी माणसे शांतता सहन करू शकत नाही, तीन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकतो. मुलाला शब्द जमवायला त्याहून जास्त वेळ लागतो. उत्तर आले नाही तरी चालेल. विधानाला उत्तर द्यावेच लागत नाही, म्हणून तर ते हलके असते.

दुसरे असे की या वयाच्या मुलाशी समोरासमोर बसून बोलू नये. समोर बसवले की त्याला आपण कोर्टात उभे आहोत असे वाटते. शेजारी असावे, दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर असावी आणि हातात काही काम असावे. मोटारसायकलवर मागे बसलेला मुलगा घरातल्यापेक्षा जास्त बोलतो, हे अनेक पालकांनी पाहिले असेल. शेंगा फोडणे, मेथी निवडणे, गाडी धुणे, काहीही चालते. काम खरे असावे, मुद्दाम काढलेले नसावे. मुलांना खोटे काम लगेच ओळखू येते.

या घरात खरे काम हाताशीच होते. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि त्या आठवड्यात शेतीच्या मोटारीला लाईट रात्रीची होती. वडिलांना रात्री साडेबाराला बोअरवर जावे लागे. मुलगा त्या वेळी जागाच असे. वडील दारावर टकटक करून एवढेच म्हणाले, "मी मोटार चालू करायला चाललो. बॅटरी धरायला कुणी असलं तर बरं." आणि चपला घालून अंगणात उभे राहिले. पहिल्या रात्री मुलगा आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री तो बॅटरी घेऊन मागे चालू लागला. जाताना-येताना एक शब्द झाला नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला फोनवर विचारले, "उपयोग झाला म्हणायचा का?" मी म्हटले, तीन आठवडे खोलीबाहेर न आलेला मुलगा दीड तास तुमच्याबरोबर शेतात होता. याहून मोठा उपयोग कोणता?

पहिले लांब वाक्य

मूल बोलू लागते तेव्हा त्याचे पहिले लांब वाक्य पुष्कळदा तक्रारीचे असते. इथेच बहुतेक घरांत गाडी परत रुळावरून उतरते. पालक गोड शब्दांची वाट पाहत असतात आणि येतो तो राग. म्हणून मी वडिलांना आधीच सांगून ठेवले होते की पहिले वाक्य तुम्हाला लागेल असे असेल, त्याला उत्तर द्यायचे नाही, खुलासा करायचा नाही, त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे.

तसेच झाले. शेतात जाऊ लागल्याच्या चौथ्या रात्री मुलगा एकदम म्हणाला, "तुम्हाला फक्त मार्कच पाहिजेत." वडिलांच्या जिभेवर चार एकरांचा, कर्जाचा, उपाशी राहून पाठवलेल्या पैशांचा सगळा हिशेब आला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितले. तो त्यांनी गिळला आणि म्हणाले, "मार्कच पाहिजेत, असं वाटलं होय तुला." मुलगा म्हणाला, "हो." मग थोड्या वेळाने, "दुसरं कधी काही विचारलं नाही तुम्ही." एवढेच. पण हे चार वर्षांतले पहिले खरे संभाषण होते.

नवव्या रात्री वडील दांडाच्या कडेला बसून स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "औंदा सोयाबीनला भाव नाही. मला बी काही सुचंना झालंय." इथे एक बारकावा आहे. आपली अडचण मुलाला जरूर सांगावी, त्याने मुलाला कळते की अडणे हा गुन्हा नाही. पण ती त्याच्या फीशी, त्याच्या खर्चाशी जोडू नये. "तुझ्यापायी कर्ज झालं" हे वाक्य गमतीतही तोंडातून जाऊ देऊ नये. वडिलांनी फक्त भावाचे सांगितले आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "अप्पा, मी ऑगस्टपासून क्लासला जातच नव्हतो."

सगळे त्या वाक्यात होते. ऑगस्टपर्यंत टेस्टचे गुण घसरत गेले होते. पुढच्या बाकावरून तो मागच्या बाकावर आला, मग जाणे बंद झाले. दिवसभर खोलीत पडून राहायचा आणि रात्री नऊला फोन वाजला की खोटे बोलायचा. "ठीक" हा शब्द त्याला सगळ्यात सोयीचा होता, कारण त्यात खोटे सर्वांत कमी बोलावे लागे. पुष्कळ मुलांच्या एका शब्दामागे असे काहीतरी दडलेले असते. लांब बोलले तर लांब खोटे बोलावे लागेल, म्हणून ती शब्द आखडतात.

असे काही कळले की काय करावे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते, ऐनवेळी सुचत नाही. मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. "का?" विचारायचे नाही. पैशांचा हिशेब काढायचा नाही. त्या दिवशी उपाय सांगायचा नाही. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगितलंस ते बरं झालं. चल, पाणी कडंला पोचलं असल."

दवाखान्यात आणताना

मुलाला फसवून दवाखान्यात आणू नये. "मामाकडे जाऊ" म्हणून आणलेला मुलगा माझ्यापुढे बसतो, पण बोलत नाही, आणि घरच्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. वडिलांनी त्याला सरळ सांगितले, "तुला झोप लागत नाही, अंग दुखतंय, जेवण जात नाही. त्याचं दाखवू. डॉक्टर मनाचे आहेत, पण आधी रक्तच तपासणार हाईत." हे खरे होते. थकवा आणि मंदपणा रक्तक्षयाने, थायरॉइडच्या बिघाडाने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्यानेही येतो, विशेषतः शाकाहारी मुलांत. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या करून घ्याव्यात. या मुलाचे बी-१२ कमी निघाले, त्याची इंजेक्शने दिली. पण केवळ तेवढ्याने हा आजार झाला नव्हता.

मी मुलाशी एकट्याशी बोललो. सुरुवातीलाच त्याला सांगितले की तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तर ते घरी सांगावे लागेल, आणि तेही तुझ्यासमोर. मग सरळ विचारले, "एवढं सगळं झाल्यावर कधी असं वाटतं का, की जगूच नये, मरून जावं?"

हा प्रश्न विचारायला पालक आणि शिक्षक फार घाबरतात. त्यांना वाटते की विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेले येईल. असे होत नाही, हे तपासून पाहिलेले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांहून अधिक मुलांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारले, अर्ध्यांना विचारले नाही. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा ज्यांना विचारले होते त्यांची अस्वस्थता इतरांपेक्षा वाढलेली नव्हती. जी मुले आधीच उदास होती त्यांना तर विचारल्याने थोडे हलकेच वाटले होते. तेव्हा विचारावे, शांत आवाजात, स्पष्ट शब्दांत. "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असे विचारू नये. त्या प्रश्नात "नाही म्हण" असा हुकूम असतो आणि मुलगा "नाही" म्हणून मोकळा होतो.

हा मुलगा म्हणाला, "कधी कधी." मग पुढचे प्रश्न क्रमाने विचारले. शेवटचे कधी वाटले, काही ठरवले आहे का, काही जवळ आणून ठेवले आहे का, आणि कशामुळे थांबलास? ठरवलेले काही नव्हते. बहिणीचा विचार येऊन थांबतो, म्हणाला. ठरवलेले असते किंवा साधन जवळ केलेले असते, तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात ठेवावे लागले असते. इथे तशी गरज पडली नाही. त्याच्यासमोर वडिलांना आत बोलावून सांगितले. वडिलांनी रडून घेतले. मुलाने बापाला रडताना पहिल्यांदाच पाहिले असावे.

उपचार आणि त्याच्या मर्यादा

मध्यम स्वरूपाचे औदासीन्य असे निदान झाले. आठवड्यातून एक भेट अशा आठ भेटी ठरवल्या आणि फ्लुऑक्सेटिन ही गोळी सुरू केली. या वयात वापरण्याचा सर्वांत जास्त अनुभव याच औषधाचा आहे. गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची अस्वस्थता वाढू शकते, क्वचित मरणाचे विचारही वाढतात, म्हणून त्या काळात मुलाला एकटे सोडू नये आणि दर आठवड्याला दाखवावे. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नये. साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवावी लागते. कोणत्याही दुकानातून आणून किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती देऊ नये.

भेटींमध्ये मोठे तत्त्वज्ञान सांगितले जात नाही. उठायची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणणे, दिवसातून एक काम ठरवून करणे आणि ते वहीत लिहिणे, एका मित्राला फोन करणे, असे लहान तुकडे असतात. उदास माणूस "वाटलं की करीन" म्हणतो. पण आधी करावे लागते, वाटणे मागून येते. मोबाईल हिसकावून घेतला नाही. रात्री अकरानंतर तो बैठकीत चार्जिंगला लावायचा असे ठरले, आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाईल तिथेच ठेवायचे, अप्पांचाही.

परत तीच परीक्षा द्यायची का, हा निर्णय दोन महिने पुढे ढकलला. आजारात घेतलेले निर्णय आजाराचे असतात. फेब्रुवारीच्या सुमारास मुलगा घरच्यांबरोबर जेवू लागला, बहिणीचे गणित घेऊ लागला. लातूरला तो परत गेला नाही. जूनमध्ये त्याने नांदेडला बी.एस्सी.चा प्रवेश घेतला. अजून तो फार बोलका नाही. तसा तो पूर्वीही नव्हता, असे त्याची आई म्हणते. बरे होणे म्हणजे दुसराच मुलगा होणे नव्हे.

कुठे बिघडते

बहुतेक घरांत हा प्रयत्न पाचव्या-सहाव्या दिवशी मोडतो. मुलगा दोन वाक्ये बोलला की आईवडिलांना धीर धरवत नाही आणि साचलेले सगळे प्रश्न एकदम बाहेर पडतात. मुलगा पुन्हा आत जातो. असे झाले तर खचू नये, पुन्हा विधानांवर यावे. दुसरा बिघाड पाहुण्यांचा. समजावायला म्हणून काका, मामा, गावचे गुरुजी बोलावले जातात आणि प्रत्येक जण कुणाच्या तरी मुलाचे उदाहरण देतो. घरातल्या एकाच माणसाने पुढे व्हावे. तो माणूस वडीलच असावा असे नाही. ज्याच्यावर मुलाचा राग सर्वांत कमी आहे तो निवडावा, मग ती आजी असो की मावसभाऊ.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अधिक पाहावी लागते. मुलगी एकदम गप्प झाली, एखाद्या माणसाचे नाव काढले की उठून जाते, क्लासला किंवा एखाद्या घरी जायचे टाळते, तर तिला कोणी त्रास दिला आहे का, ही शक्यता मनात ठेवावी. तिच्याशी आईने किंवा मोठ्या बहिणीने बोलावे आणि पहिले वाक्य हे असावे की "काहीही झालं असलं तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही." आईच्या तोंडून हे वाक्य ऐकण्यासाठी काही मुली वर्षानुवर्षे थांबलेल्या असतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे.

मुलापर्यंत पोचत आहोत हे कशावरून ओळखावे? आधी दार थोडे उघडे राहू लागते. मग मुलगा सगळे झोपल्यावर नव्हे, सगळे असताना स्वयंपाकघरात येतो. मग तक्रार करतो. आणि एक दिवस तोच तुम्हाला प्रश्न विचारतो. या क्रमाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांत पहिली पायरीही आली नाही, किंवा वर सांगितलेली धोक्याची लक्षणे दिसली, तर थांबू नये.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकार विभाग आहे. तिथे पोचणे शक्य नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतूनही. मुलगा यायला तयार नसेल तर पालकांनी एकट्याने यावे. त्या मुलाचे वडीलही पहिल्या दिवशी मुलाविनाच आले होते.